बॅबिलोनची ग्रहणं: नोंदी, 18 वर्षांचं चक्र आणि ग्रीस-भारतापर्यंतचा प्रवास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नदीखोऱ्यांच्या संस्कृती अनेक होत्या, मग इथे फक्त बॅबिलोनच का?

कारण ग्रहणांची अखंड, तारीखवार दप्तरं तिथलीच हाती लागली आहेत. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या खोऱ्यात लिहिणं ओल्या मातीच्या पाट्यांवर होई, आणि माती टिकते. इजिप्तमधून ग्रहणांची अशी सलग यादी मिळालेली नाही. सिंधू खोऱ्यातली लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे तिथे ग्रहणं कशी नोंदत, नोंदत होते की नाही, यावर काहीही ठामपणे बोलता येत नाही. चीनमध्ये पीत नदीच्या खोऱ्यात, आन्यांगच्या अस्थिलेखांत ग्रहणांचे उल्लेख आहेत, पण ग्रीस आणि भारतापर्यंत जो धागा जातो त्यात ते येत नाहीत. हा धागा बॅबिलोनमधून निघतो.

ग्रहणं नोंदायला सुरुवात कशासाठी झाली?

शकुनांसाठी. ‘एनुमा अनु एनलिल’ या सुमारे 70 पाट्यांच्या शकुनसंग्रहात चंद्रग्रहणांना स्वतंत्र पाट्या आहेत. चंद्रबिंबाचे चार भाग कल्पून अक्कड, एलाम, अमुर्रू आणि सुबार्तू हे चार प्रदेश त्यांना वाटून दिलेले असत. सावली ज्या भागावर पडली त्या प्रदेशाच्या राजावर संकट. ॲसिरियाचा राजा एसरहद्दोन याच्या काळात (इ.स.पू. 681 ते 669) तर अशुभ ग्रहण आलं की काही काळ दुसऱ्याच माणसाला गादीवर बसवत, म्हणजे अरिष्ट त्याच्यावर जावं.

याचा खगोलाला झालेला फायदा सरळ आहे. शकुन सांगायचा तर सावली कुठल्या बाजूने आली, किती बिंब झाकलं, रात्रीच्या कुठल्या वेळी, हे सगळं टिपावंच लागतं. पुढे याच तपशिलातून गणित उभं राहिलं.

एका नोंदीत नेमकं काय लिहीत?

राजाचं वर्ष, महिना आणि दिवस. ग्रहण कधी लागलं. सावली कुठल्या दिशेने शिरली. किती ग्रास झाला. कुठल्या दिशेने सुटलं. त्या वेळी कुठले ग्रह दिसत होते. वारा कुठला होता. आपल्या पंचांगातले स्पर्श, मध्य आणि मोक्ष डोळ्यांसमोर आणले की या नोंदी परक्या वाटत नाहीत.

वेळेचं एकक होतं ‘उश’. अहोरात्रीचे 360 भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक उश, आजची 4 मिनिटं. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर 10 पळं, आणि 6 उश म्हणजे एक घटी. वेळ मोजायची ती सूर्योदय किंवा सूर्यास्तापासून: ‘सूर्यास्तानंतर इतके उश’, ‘सूर्योदयाला इतके उश बाकी असताना’. ग्रास मोजायचं माप बोट, आणि पूर्ण बिंब 12 बोटांचं. ग्रीकांनी हेच 12 बोटांचं माप उचललं. आपल्या सिद्धान्तग्रंथांतही ग्रास अंगुलांत येतो, पण तिथलं अंगुल वेगळ्या रीतीने ठरतं आणि बिंब क्षितिजाजवळ आहे की माथ्यावर, त्यानुसार बदलतं. तेव्हा केवळ शब्द सारखा म्हणून नातं जोडायची घाई करू नये.

एखादी खरी नोंद उदाहरण म्हणून सांगाल का?

इ.स.पू. 136, 15 एप्रिलचं खग्रास सूर्यग्रहण घेऊ. ते बॅबिलोनमधूनच दिसलं आणि दोन वेगवेगळ्या पाट्यांवर त्याची नोंद आहे. सूर्योदयानंतर 24 उश झाले आणि नैऋत्य बाजूने ग्रहण लागलं. म्हणजे उजाडून 96 मिनिटं झाली होती. पुढच्या 18 उशांत, 72 मिनिटांत, सूर्य पूर्ण झाकला गेला. त्या अंधारात शुक्र, बुध आणि नेहमीचे तारे दिसले. गुरू आणि मंगळ त्या दिवसांत सूर्याच्या तेजात लोपलेले होते, तेही दिसले. मग सावली नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकत सुटली. लागण्यापासून सुटेपर्यंत एकूण 35 उश, म्हणजे 140 मिनिटं.

गुरू-मंगळाचं वाक्य मुद्दाम पाहा. लिहिणाऱ्याला ते दोन ग्रह आज दिसायला नकोत हे ठाऊक होतं, म्हणून ते दिसल्याची वेगळी दखल त्याने घेतली. हा माणूस आकाशाकडे रोज पाहणारा होता.

वेळ मोजायचे कशाने, आणि त्यात चूक किती?

जलघड्याळाने, आणि रात्री माथ्यावर येणाऱ्या ठरावीक ताऱ्यांनी. अमुक तारा मध्यमंडलावर असताना ग्रहण लागलं, असं लिहिलेलं असलं की वेळ चांगली पक्की होते, कारण तारा पाण्यासारखा कमी-जास्त वेगाने वाहत नाही. जलघड्याळात मोजायचा अवधी जितका लांब, तितकी चूक साठत जाते. म्हणून सूर्यास्तानंतर लगेच लागलेल्या ग्रहणाची वेळ मध्यरात्रीच्या ग्रहणापेक्षा जास्त भरवशाची असते.

जुन्या नोंदी वाचताना एक खूण उपयोगी पडते. वेळा सगळ्या 5 किंवा 10 च्या पटीत दिसल्या, तर त्या ढोबळ केलेल्या आहेत असं समजावं. नंतरच्या शतकांत 17, 18, 23 असे आकडे दिसू लागतात, तिथे एकेक उश मोजला जात होता.

नोंद खरोखर पाहून केली की आधीच गणित करून लिहिली, हे कसं ओळखायचं?

ही चूक अभ्यासकांकडूनही होते, कारण दोन्ही प्रकार एकाच पाटीवर शेजारी असतात. लेखकांनी मात्र फरक ठेवला होता. पाहिलेल्या ग्रहणात आधी ‘चंद्र’ आणि मग ‘ग्रहण’ ही चिन्हं येतात. भाकिताच्या ग्रहणात क्रम उलटा, आधी ‘ग्रहण’, मग ‘चंद्र’. याशिवाय भाकीत होतं पण पाहिल्यावर दिसलं नाही, तर तेही सरळ लिहिलेलं असतं. ग्रहण दिवसा घडणार, म्हणजे चंद्र क्षितिजाखाली असणार, हे आधीच माहीत असेल तर ते ‘निघून गेलं’ अशा अर्थाचा शब्द येतो. ढग होते तर ढग होते असं लिहिलेलं असतं.

18 वर्षांचं चक्र म्हणजे काय, आणि ते चालतं का?

223 चांद्रमास म्हणजे सुमारे 6585 दिवस आणि 8 तास. वर्षांत सांगायचं तर 18 वर्षं आणि 10 किंवा 11 दिवस. एवढ्या काळात चंद्र आपल्या पातबिंदूकडे, म्हणजे आपल्या राहू-केतूकडे, 242 वेळा परत येतो, आणि पृथ्वीपासूनच्या त्याच अंतरावर 239 वेळा. पौर्णिमा तीच, पातही तोच, बिंबाचा आकारही जवळपास तोच. म्हणून ग्रहण पुन्हा तसंच होतं.

7 सप्टेंबर 2025 च्या रात्री महाराष्ट्रातून जे खग्रास चंद्रग्रहण दिसलं, त्याचा मध्य भारतीय वेळेनुसार 23:41 ला होता. त्यात 18 वर्षं, 11 दिवस आणि 8 तास मिळवले की 19 सप्टेंबर 2043 च्या सकाळी साडेसातच्या आसपासची वेळ येते. आधुनिक गणितानुसार मध्य 7:20 ला आहे. चक्र बरोबर, पण मुंबईत तोवर चंद्र मावळलेला असेल. मावळण्याआधी फक्त सुरुवातीचा खंडग्रास दिसेल.

घोटाळा होतो तो वरच्या 8 तासांमुळे. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि मध्यरात्रीचं ग्रहण सकाळी जातं. यावर उपाय म्हणजे तीन चक्रं एकत्र घेणं: 669 चांद्रमास, 19756 दिवस, 54 वर्षं आणि साधारण महिनाभर. 2025 च्या ग्रहणातून एवढं मागे गेलं की 7 ऑगस्ट 1971 येतो, आणि तेव्हाच्या खग्रास चंद्रग्रहणाचा मध्य आपल्याकडे 1:13 ला होता. मध्यरात्रीचं ग्रहण पुन्हा मध्यरात्रीच्या आसपास आलं. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी दोन्ही पाहिली असतील, तर त्यांनी बॅबिलोनची ही 54 वर्षांची गाठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

मधल्या ग्रहणांचं काय? 18 वर्षं थांबायचं?

नाही. चक्राचं खरं काम इथेच आहे. ग्रहण होऊ शकेल अशी पौर्णिमा साधारण दर 6 महिन्यांनी येते. सूर्य एका पातापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 173.3 दिवसांत पोचतो, आणि 6 चांद्रमास होतात 177.2 दिवसांचे. म्हणजे प्रत्येक उडीत जवळपास 3.9 दिवस जास्त जातात. सात-आठ उड्यांत हा फरक 29 दिवसांच्या आसपास साठतो, आणि मग 6 ऐवजी 5 महिन्यांची एक उडी घ्यावी लागते.

223 महिन्यांत अशा 38 शक्यता बसतात: 33 सहा-सहा महिन्यांच्या आणि 5 पाच-पाच महिन्यांच्या. हिशोब करून पाहा, 33 × 6 + 5 × 5 = 223. बॅबिलोनी लेखकांनी त्या 8, 7, 8, 7, 8 अशा गटांत लावल्या. मोठ्या पाटीवर एकेका उभ्या स्तंभात 38 ओळी, आणि शेजारच्या स्तंभात त्याच ओळीवर 18 वर्षांनंतरचं ग्रहण. बोट आडवं फिरवलं की एकाच कुळातली ग्रहणं ओळीने वाचता येतात. मला या साऱ्या परंपरेत हा तक्ता सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात एकही सूत्र नाही आणि तरीही पुढचं ग्रहण सापडतं.

सूर्यग्रहणालाही हे लागू पडतं का?

अर्धंच. कुठल्या अमावस्येला सूर्यग्रहण शक्य आहे हे कळतं, पण तुमच्या गावातून दिसेल का हे कळत नाही. चंद्रग्रहणात सावली चंद्रावरच पडते, ती अर्ध्या पृथ्वीवरून एकसारखी दिसते. सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर अरुंद पट्ट्यातून जाते, आणि त्यासाठी लंबन, म्हणजे पाहणाऱ्याच्या जागेमुळे चंद्र सरकलेला दिसणं, हिशोबात घ्यावं लागतं. बॅबिलोनी चक्रात ते नव्हतं. म्हणूनच ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसने इ.स.पू. 585 चं सूर्यग्रहण चक्रावरून आधी सांगितलं, ही ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपासून चालत आलेली कथा या चक्राच्या आधारे तरी टिकत नाही.

‘सारोस’ हे नाव बॅबिलोनी आहे ना?

या अर्थाने नाही. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 3600 ही संख्या. ग्रहणचक्राला हे नाव 1691 मध्ये इंग्रज खगोलज्ञ एडमंड हॅलीने चुकीच्या समजुतीतून दिलं आणि ते रुळलं. बॅबिलोनी लेखक सरळ ‘18 वर्षं’ म्हणत.

हे काम करणारे लोक कोण होते?

मंदिराशी जोडलेले लेखक. त्यांचं पद ‘एनुमा अनु एनलिलचे लेखक’ या नावाने ओळखलं जाई. बॅबिलोनच्या एसागिला मंदिराच्या उशिराच्या दस्तऐवजांत बापाच्या जागी मुलाची नेमणूक, आणि त्याबद्दल चांदी आणि जमीन, असे करार दिसतात. मोबदला निरीक्षण करून रोजनिश्या देण्यासाठी. उपलब्ध रोजनिश्यांपैकी सर्वांत जुनी इ.स.पू. 652 ची आणि शेवटची इ.स.पू. 61 ची. राज्यं बदलली, ॲसिरियन, पर्शियन, ग्रीक, पार्थियन आले, पण काम चालूच राहिलं.

ग्रीकांपर्यंत हे पोचलं याला पुरावा काय?

संख्या. कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. षष्टिमान, म्हणजे साठाच्या पटीत मोजणाऱ्या, पद्धतीतली पाच स्थानांची संख्या तशी सुचत नाही. बॅबिलोनी पाट्यांवर चांद्रमासाची सरासरी लांबी 29 दिवस आणि पुढे 31, 50, 8, 20 असे साठावे भाग, म्हणजे सुमारे 29.530594 दिवस. दुसऱ्या शतकातला ग्रीक खगोलज्ञ टॉलेमी ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात आपल्या आधीच्या हिपार्कस या खगोलज्ञाची म्हणून जी लांबी देतो ती शेवटच्या स्थानापर्यंत हीच आहे. 251 चांद्रमास बरोबर चंद्राच्या 269 मंदोच्च-फेऱ्या, म्हणजे पृथ्वीपासून जवळ-दूर होण्याच्या फेऱ्या, हे समीकरणही दोन्हीकडे तेच. शिवाय इजिप्तमध्ये सापडलेल्या एका ग्रीक पपायरसवर बॅबिलोनी चांद्रगणितातला एक स्तंभ जसाच्या तसा उतरवलेला मिळाला. प्राचीन गणिताचा अभ्यासक ओटो नॉयगेबाउअरने तो 1988 मध्ये प्रसिद्ध केला. बॅबिलोनी गणिती किदिन्नू याचं नावही ग्रीकांत ‘किदेनास’ म्हणून राहिलं.

टॉलेमीने जुन्या नोंदी प्रत्यक्षात कशा वापरल्या?

त्याने नाबोनासर राजाच्या पहिल्या वर्षापासून, इ.स.पू. 747 पासून, काळ मोजला. त्या काळापासूनची निरीक्षणं उपलब्ध आहेत असं तो स्वतः सांगतो. तारखा त्याने इजिप्तच्या 365 दिवसांच्या वर्षात दिल्या आहेत. यामागे व्यवहार आहे: बॅबिलोनचे महिने कधी 29, कधी 30 दिवसांचे, मध्ये अधिक महिने, त्यामुळे दोन नोंदींमधले दिवस मोजणं कठीण. 365 च्या सरळ वर्षात ते नुसत्या गुणाकाराने येतात.

इ.स.पू. 721, 19 मार्चचं खग्रास चंद्रग्रहण पाहा. नोंद अशी की चंद्रोदयानंतर एक तास चांगला उलटून गेल्यावर ग्रहण लागलं. दिवस विषुवाजवळचा, म्हणून रात्र जवळपास 12 तासांची. त्यावरून टॉलेमीने स्पर्श मध्यरात्रीआधी साडेचार तासांवर धरला. खग्रास ग्रहण एकूण 4 तासांचं, म्हणून मध्य अडीच तास आधी. मग बॅबिलोन आणि अलेक्झांड्रिया यांच्यातला फरक 50 मिनिटं धरून अलेक्झांड्रियात मध्य 3 तास 20 मिनिटं आधी. हे आणि पुढच्या वर्षातली आणखी दोन ग्रहणं, अशा तिघांवरून त्याने चंद्राच्या गतीतली विषमता काढली.

यात कच्चे दुवे दोन आहेत. ‘एक तास चांगला उलटून’ हे मोजमाप नव्हे, वर्णन आहे. आणि दोन शहरांतला खरा फरक 58 मिनिटांच्या आसपास आहे, 50 नव्हे. तरीही आठ शतकांहून जास्त अंतर असल्यामुळे या चुका मोठ्या अवधीत वाटल्या जातात आणि सरासरी गती फार बिघडत नाही.

या नोंदींचा आज काही उपयोग?

पृथ्वीच्या फिरण्याचा वेग कमी होत आहे, हे त्यांवरून मोजता येतं. इ.स.पू. 136 चं तेच ग्रहण आजच्या वेगाने मागे मोजत नेलं, तर खग्रास पट्टा बॅबिलोनच्या सुमारे 49 अंश पश्चिमेला पडतो. प्रत्यक्षात तो बॅबिलोनवरून गेला. हा फरक साधारण सव्वातीन तासांचा. इंग्लंडचे एफ. रिचर्ड स्टीव्हन्सन यांनी अशा नोंदींवर दीर्घकाळ काम केलं.

भारतात काय आलं, आणि कसं कळतं?

नोंदींचं दप्तर आलेलं दिसत नाही. हिशोबाच्या रीती आल्या. सर्वांत स्पष्ट खूण 248 ही संख्या. चंद्र पृथ्वीच्या जवळ-दूर होत 9 फेऱ्या 248 दिवसांत जवळजवळ पूर्ण करतो. बॅबिलोनी पाट्यांवर चंद्राची रोजची गती याच 248 दिवसांच्या हिशोबाने वाढवत-घटवत दिली आहे. रोमन काळातल्या ग्रीक पपायरसांवर 248 च्या जोडीला 3031 दिवसांच्या 110 फेऱ्या येतात. आणि वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘पंचसिद्धान्तिके’त वसिष्ठ सिद्धान्ताचं चांद्रगणित दिलं, त्यात 248 आणि 3031 हे दोन्ही आकडे आहेत.

वेदांग ज्योतिषातल्या मोठ्यात मोठ्या दिवसाचं लहानात लहान दिवसाशी प्रमाण, 18 मुहूर्तांना 12, हेही बॅबिलोनच्या 3:2 शी जुळतं. डेव्हिड पिंग्री याला उसना घेतलेला नियम मानत; इतर काही अभ्यासक म्हणतात की काश्मीरकडच्या अक्षांशावर हे प्रमाण निरीक्षणानेच मिळू शकतं. इतक्या सोप्या प्रमाणावरून निकाल देऊ नये असं आम्हाला वाटतं. 248 आणि 3031 च्या जोडीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

तिथीसुद्धा बॅबिलोनची का?

चांद्रमासाचा तिसावा भाग हे एकक बॅबिलोनी गणितातही आहे. गंमत अशी की आधुनिक अभ्यासक त्याला आपलाच संस्कृत शब्द वापरून ‘तिथी’ म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. फरकही आहे: त्यांचा भाग सरासरी महिन्याचा, सारखा. आपली पंचांगातली तिथी चंद्र-सूर्यातल्या 12 अंशांच्या अंतराची, म्हणून लहान-मोठी होते आणि क्षय-वृद्धी पावते.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांची याबद्दलची मतं कशी वाचावीत?

त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास 1896 चा, आणि पंचसिद्धान्तिकेवरचं त्यांचं काम आजही वाचण्यासारखं आहे. पण फ्रान्झ क्सावेर कुग्लर यांचं बॅबिलोनी चांद्रगणितावरचं पुस्तक आलं 1900 मध्ये. हिपार्कसचे आकडे पाट्यांवर आधीच होते, हे त्यातून पुढे आलं. दीक्षित 1898 मध्ये गेले. त्यांची मतं वाचताना हा पुरावा त्यांच्यासमोर नव्हता हे लक्षात ठेवावं.

248 दिवसांची ही रीत भारतात कधीपर्यंत चालली?

दक्षिणेत एकोणिसाव्या शतकापर्यंत तर नक्कीच. तमिळ आणि केरळी वाक्यपद्धतीत चंद्राची 248 स्थानं 248 छोट्या वाक्यांत बांधलेली असतात. अक्षरांना अंकांचं मोल, त्यामुळे वाक्य पाठ म्हणजे तक्ता पाठ. ठरावीक आरंभापासून मोजलेल्या दिवसांतून आधी मोठे अवधी वजा करायचे, 12372 दिवसांचा (449 फेऱ्या), मग 3031 चा, मग 248 चा. जी बाकी उरेल त्या क्रमांकाचं वाक्य म्हणायचं.

मद्रास इलाख्यातले अधिकारी जॉन वॉरन यांनी 1825 मध्ये अशा एका तमिळ गणकाची परीक्षा पाहिली. कागद-लेखणी न घेता, जमिनीवर कवड्या मांडत आणि पाठ असलेली वाक्यं म्हणत त्याने 31 मे-1 जूनच्या चंद्रग्रहणाचं गणित केलं. त्याच्या वेळा स्पर्शाला 4 मिनिटांनी, मध्याला 23 मिनिटांनी आणि मोक्षाला 52 मिनिटांनी चुकल्या.